गाडी लागते म्हणून मुलाला पुढे बसवायचं?

“सात वर्षांच्या लेकाला गाडी लागते. पुढे बसवलं की त्रास होत नाही म्हणतात, खरं का?”

अर्धंच खरं. बरं वाटतं ते समोरचा रस्ता दिसतो म्हणून. सीट पुढची आहे म्हणून नव्हे. मागे बसलं की कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो गाडी वळली, डोळ्यांना मात्र पुढच्या सीटची पाठच दिसते, आणि मळमळ सुरू होते. पुढची एअरबॅग मोठ्या माणसाच्या मापाची असते. साधारण तेरा वर्षांपर्यंत मूल मागेच बरं.

समजा बाबा चालवणार, आई शेजारी, धाकटी वर्षाची. आधी बाबांची सीट लावा. मागे तोंड असलेली बाळाची सीट बरीच जागा खाते, म्हणून ती आईच्या मागे. आईची सीट थोडी पुढे सरकेल, चालेल. मुलगा बूस्टरवर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या मुलांच्या सीटवर, मागे मधोमध: दोन सीटांमधल्या फटीतून रस्ता दिसतो. पण तिथे खांद्यावरून येणारा पट्टा हवाच. नुसता कमरेचा असेल किंवा बूस्टर नीट बसत नसेल, तर बाबांच्या मागे. बूस्टरच्या उंचीमुळे खिडकीबाहेर तरी दिसतं. मोबाइल मात्र काढून घ्या (रडारड होईल, होऊ द्या). बडबडं पोर गप्प होऊन जांभया देऊ लागलं, की उलटीची वाट न पाहता गाडी थांबवा.