दाढ कापली, मग जागा गेली कुठे? सेंट्रिक रिलेशन आणि मॅक्सिमम इंटरकस्पेशन

प्रोस्थोडॉन्टिक्सच्या विद्यार्थ्यांसाठी, आमच्या लॅबकडून

सतरा नंबरची दाढ क्राऊनसाठी कापली. चावा मिटवून पाहिला तेव्हा समोरच्या दाढेपासून दीड मिलिमीटर मोकळीक होती. थोड्या वेळाने रुग्णाने पुन्हा तोंड मिटलं, तर जेमतेम एक मिलिमीटर उरली. अशा वेळी हात पुन्हा टर्बाईनकडे जातो. कृपया आधी थांबा. दाढ कमी कापली गेलेली नाही, खालचा जबडा वर सरकला आहे.

मॅक्सिमम इंटरकस्पेशन, म्हणजे एमआयपी, ही दातांनी ठरवलेली जागा आहे. दात एकमेकांत जास्तीत जास्त घट्ट बसतात तिथे जबडा थांबतो, मग कॉन्डाईल कुठेही असो. सेंट्रिक रिलेशन, म्हणजे सीआर, ही सांध्याने ठरवलेली जागा. कॉन्डाईल वर-पुढच्या दिशेने आर्टिक्युलर एमिनन्सच्या मागच्या उताराला टेकलेला असतो आणि तिथे जबडा एका अक्षाभोवती नुसता फिरू शकतो. दात टेकतात की नाही, याचा तिच्याशी संबंध नाही. पोसेल्ट यांनी 1952 मध्ये दाखवलं की दहापैकी सुमारे नऊ जणांत या दोन जागा जुळत नाहीत. फरक बहुधा एक-सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतो.

आता त्या दाढेकडे वळू. सीआरमध्ये जबडा मिटताना सगळ्यांत आधी तीच टेकत होती. तिच्या उतारावरून घसरून जबडा पुढे जाई आणि मग बाकीचे दात मिळत. स्नायूंना ही वाट पाठ असते, म्हणून जबडा रोज थेट एमआयपीतच मिटतो आणि कॉन्डाईल मात्र आपल्या जागेपासून थोडा खाली-पुढे राहतो. आपण ती दाढ कापली की आडकाठी जाते. स्नायू सैल पडतात, कॉन्डाईल वर बसतो आणि त्याच्या सर्वांत जवळच्या दाढेची जागा खाल्ली जाते. एका दाढेचा हा त्रास सुधारता येतो. सगळे दात कापायचे असतील तर एमआयपी सांगणारा एकही दात तोंडात उरत नाही, आणि तिथे हा फरक सगळ्या कामाला भोवतो.

एक केस आकड्यांत

दात झिजलेले आहेत, वरच्या-खालच्या सगळ्या दातांवर क्राऊन करायचे आहेत. अकरा आणि एकेचाळीस नंबरच्या दातांच्या हिरड्यांच्या कडांमधलं अंतर एमआयपीत 14 मिलिमीटर आहे. सीआरमध्ये पहिला स्पर्श सतरा-सत्तेचाळीसवर होतो आणि तेव्हा हेच अंतर 15.5 येतं. तिथून एमआयपीत जाताना जबडा 1 मिलिमीटर पुढे सरकतो. चाव्याची उंची वाढवून हे अंतर 17 करायचं ठरलं आहे.

मॉडेल एमआयपीत माउंट केले तर आर्टिक्युलेटरवर पिन उचलून पुढे 3 मिलिमीटर उघडतात. पुढे 3 उघडलं की दुसऱ्या दाढेपाशी ढोबळमानाने 1 उघडतं, म्हणून सतरा-सत्तेचाळीसमध्ये 1 मिलिमीटर आयती जागा दिसते. दोन्ही क्राऊनसाठी मिळून 2 मिलिमीटर हवेत असं धरलं, तर दोन्ही दाढा मिळून आणखी 1 मिलिमीटर कापायच्या, असा हिशेब निघतो.

तोंडात मात्र कॉन्डाईल जागेवर बसला की मोजणी पहिल्या स्पर्शापासून, म्हणजे 15.5 पासून सुरू होते. पुढे फक्त दीड मिलिमीटर उघडतं आणि दाढेपाशी अर्धा. म्हणजे एकूण दीड मिलिमीटर कापायला हवं होतं. अर्धा मिलिमीटर कमी पडला, आणि तो क्राऊनच्या जाडीतून तरी जाणार किंवा चाव्यात उंच तरी लागणार.

पुढच्या दातांची गोष्ट याहून फसवी आहे. एमआयपीत माउंट केलेल्या मॉडेलवर खालचे पटाशीचे दात प्रत्यक्षापेक्षा 1 मिलिमीटर पुढे दिसतात. त्यावर घडवलेली वरच्या दातांची आतली बाजू सीआरमध्ये खालच्या दातांना टेकतच नाही. मग रुग्ण दाढेवर आपटून पुढे घसरतो आणि पुढचे टेम्पररी क्राऊन सुटतात किंवा तुटतात. तेच ते क्राऊन पुन्हा पुन्हा सुटत असतील तर सिमेंट बदलण्याआधी वरच्या पुढच्या दातांवर बोट ठेवा आणि रुग्णाला हळू चावायला सांगा. दात थरथरला तर घसरण शिल्लक आहे.

सीआरला माउंट करण्याचं खरं कारण हेच आहे. कॉन्डाईल जागेवर असतो तेव्हा जबडा अक्षाभोवती फिरतो, आर्टिक्युलेटरही तसाच फिरतो, म्हणून उंची बदलली तरी मॉडेल तोंडाशी जुळून राहतात. एमआयपीचा रेकॉर्ड फक्त त्याच एका उंचीला खरा असतो.

रेकॉर्ड घेताना

हनुवटी मागे ढकलू नका. त्याने कॉन्डाईल वर-पुढे नाही, मागे-खाली जातो. लीफ गेज पुढच्या दातांमध्ये ठेवा आणि मागचे दात सुटेपर्यंत पाने वाढवत जा. 8 मायक्रॉनची शिमस्टॉक पट्टी मागे सगळीकडे अडखळल्याशिवाय निघाली पाहिजे. रुग्णाला मागच्या दातांनी चावतो आहे असं समजून हलकासा दाब द्यायला सांगा, पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या, मध्ये पुन्हा शिमस्टॉक फिरवा. स्नायू सैल पडले की आधी सुटलेली दाढ पुन्हा टेकते. ती टेकली तर पाने वाढवा. या दाबाने सांध्यात दुखलं किंवा ताण जाणवला तर त्या दिवशी रेकॉर्ड घेऊ नका. आधी सांधा तपासा, गरज असेल तर स्प्लिंट द्या. दुखऱ्या सांध्यावरचा सीआर पुढच्या महिन्यात दुसरीकडेच असू शकतो.

सिलिकॉन फक्त मागच्या दातांवर घाला. घट्ट झाल्यावर ब्लेडने कापून केवळ उंचवट्यांच्या टोकांचे ठसे ठेवा. खोल खाचांतलं सिलिकॉन मॉडेलवर पूर्ण बसत नाही, स्प्रिंगसारखं उचलून धरतं. कुठे भोक पडलं असेल तर तिथे दात टेकला होता, म्हणून तो रेकॉर्ड टाकून द्या. शक्यतो ठरलेल्या उंचीलाच रेकॉर्ड घ्या. अंदाजाने घेतलेला अक्ष 5 मिलिमीटरने चुकला आणि रेकॉर्ड 3 मिलिमीटर जाड असला, तर दुसऱ्या दाढेपाशी सुमारे 0.2 मिलिमीटर चूक येते. रेकॉर्ड जितका पातळ तितकी ती कमी.

एक-दोन क्राऊन असतील आणि बाकीचे दात पक्के टेकत असतील, तर एमआयपीतच काम करा. सीआरच्या मागे लागण्याचं तिथे कारण नाही. मात्र पहिला स्पर्श ज्या दाढेवर आहे तीच कापायची असेल, तर कापण्याआधी मॉडेल सीआरला माउंट करून पाहा.

लॅबला पाठवताना

फेसबो ट्रान्सफर आणि वेगवेगळे घेतलेले तीन सीआर रेकॉर्ड पाठवा. पहिल्यावर आम्ही खालचं मॉडेल माउंट करतो आणि उरलेले दोन स्प्लिट कास्टवर तपासतो. फट दिसली तर काम पुढे न नेता आपल्याला फोन करतो. सोबत चार आकडे लिहा: एमआयपीतलं हिरडी-ते-हिरडी अंतर, सीआरमधल्या पहिल्या स्पर्शाचं अंतर, हवं असलेलं अंतर, आणि जबडा पुढे किती सरकतो. पहिल्या स्पर्शाच्या दातांचे नंबरही लिहा. माउंट केलेल्या मॉडेलवर तोच दात आधी टेकला नाही, तर वॅक्स-अप करण्याऐवजी आम्ही नवा रेकॉर्ड मागतो.