कोल्ड स्टोरेजचा करार : पावती, खराब मालाची जबाबदारी आणि भाड्यापोटी अडवलेला माल

वाशीच्या फळ बाजारातला व्यापारी असो की जुन्नरहून स्वतःचा माल घेऊन आलेला शेतकरी, तुर्भे किंवा भिवंडीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्या उतरवताना दोघांनाही बहुतेक वेळा एकच कागद मिळतो. त्यावर पेट्यांची संख्या, गाडी नंबर आणि खाली बारीक अक्षरात छापलेल्या अटी असतात. माल चांगला निघाला तर त्या अटी कोणी वाचत नाही. खराब निघाला तर मात्र त्या कागदावर जेवढे लिहिले असेल तेवढ्याच पायावर भांडावे लागते. म्हणून ही माहिती माल उतरवण्याआधी वाचावी.

माल कोण ठेवू शकतो आणि कागद कोणते

मालाचा मालक, किंवा मालकाने लेखी अधिकार दिलेला माणूस, माल ठेवू शकतो. शेतकऱ्याकडे आधार, पॅन, बँक पासबुकाची प्रत आणि त्या पिकाची नोंद असलेला सातबारा मागतात. व्यापाऱ्याने बाजार समितीचा परवाना, जीएसटी नोंदणी असल्यास तिचा क्रमांक आणि खरेदीची बिले द्यावीत. शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनी असेल तर सही कोण करणार याचा ठराव लागतो. भावाच्या नावाचा माल स्वतःच्या नावावर उतरवू नका. पुढे माल सोडवताना किंवा भरपाई मागताना ‘हा माल तुमचा कशावरून’ हा पहिला प्रश्न येतो.

तुम्हीही त्यांच्याकडून तीन गोष्टी मागा: अन्नसुरक्षा परवान्याची प्रत, विमा पॉलिसीची प्रत, आणि गोदाम डब्ल्यूडीआरएकडे नोंदलेले आहे का याचे उत्तर. डब्ल्यूडीआरए म्हणजे 2007 च्या कायद्याखाली स्थापन झालेले केंद्राचे गोदाम प्राधिकरण. सगळ्याच गोदामांना ही नोंदणी सक्तीची नाही. पण बँकेत तारण ठेवता येईल अशी परक्राम्य गोदाम पावती फक्त नोंदणीकृत गोदामच देऊ शकते, आणि ती आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघते. मालावर कर्ज काढायचे असेल तर हे आधीच ठरवा. साध्या कागदी पावतीचे नंतर तारण पावतीत रूपांतर करून मिळेल, या भरवशावर राहू नका.

करार मुद्रांकावर करा. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात साध्या करारनाम्याला 500 रुपयांचा मुद्रांक लागतो. आणखी एक, ताज्या फळ-भाजीच्या साठवणुकीवर जीएसटी माफ आहे, तेव्हा सफरचंदाच्या भाडेबिलात तो दिसला तर विचारा.

पावतीवर काय हवे

एकच गोष्ट सांभाळायची असेल तर ही पावती सांभाळा. कायदा माल ठेवणाऱ्याच्या बाजूने आहे, पण तो पावतीवरूनच चालू होतो. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 151 नुसार दुसऱ्याचा माल ताब्यात घेणाऱ्याने त्याची तेवढी काळजी घ्यायची असते, जेवढी सामान्य समजूतदार माणूस तशाच स्वतःच्या मालाची घेईल. माल चांगला दिला आणि खराब परत आला हे तुम्ही दाखवले, की ‘आम्ही काळजी घेतली होती’ हे सिद्ध करण्याचे ओझे गोदामवाल्यावर जाते. म्हणजे तुमच्याकडून लागते ती एकच गोष्ट: माल आत जाताना कसा होता याचा पुरावा.

‘600 पेटी सफरचंद’ एवढ्या नोंदीने हे साधत नाही. लॉट नंबर, जात, प्रत, एकूण वजन, चेंबर नंबर, दागी मालाचे अंदाजे प्रमाण, आत जाताना फळाच्या गराचे तापमान आणि त्या दिवशीचा बाजारभाव, एवढे लिहून घ्या. गराचे तापमान सुईच्या थर्मामीटरने दोन मिनिटांत मिळते. पाचसहा पेट्या फोडून मोजा आणि आकडा पावतीवर लिहायला लावा. दागी माल लपवू नका. पाच टक्के दागी असेल तर तसेच लिहा, कारण त्यामुळे उरलेला पंचाण्णव टक्के माल चांगला होता हे त्यांच्याच सहीने नोंदले जाते. बाजारभावाची नोंदही महत्त्वाची, नाहीतर भरपाईच्या वेळी पडेल भावाने हिशेब मांडला जातो.

‘माल मालकाच्या जोखमीवर’ हे वाक्य

छापील अटींमध्ये हे वाक्य हमखास सापडते. ‘वीज गेल्यास, यंत्र बिघडल्यास आम्ही जबाबदार नाही’ ही त्याची पुढची ओळ. माझ्या मते या दोन ओळींवर सही करण्यापेक्षा दुसरे कोल्ड स्टोरेज शोधलेले बरे. तापमान राखण्यासाठीच आपण भाडे देतो, आणि नेमकी तीच जबाबदारी इथे झटकलेली असते. त्या ओळी खोडून, दोघांच्या सह्या घेऊन, त्या जागी हे लिहा: चेंबरचे तापमान किती ते किती राहील, त्याची नोंद दर किती तासांनी होईल, ती नोंद मागताच दाखवली जाईल, वीज गेल्यावर जनरेटर चालवण्याची जबाबदारी त्यांची, आणि तापमान ठरल्यापेक्षा जास्त वेळ बिघडले तर त्याच दिवशी फोन आणि मेसेज येईल. त्यांच्या बाजूने नैसर्गिक घट मान्य करा, पण टक्केवारी लिहून. फळ श्वास घेते, पाणी सोडते, वजन थोडे कमी होणारच. टक्का लिहिला नाही तर प्रत्येक तूट ‘घट’ म्हणून खपवली जाते.

विम्याचेही पाहून घ्या. आगीच्या साध्या पॉलिसीत यंत्र बंद पडून सडलेला माल बसत नाही. त्यासाठी साठा खराब होण्याचा वेगळा विमा असतो. ग्राहकांचा माल त्यात धरला आहे का आणि किती रकमेचा, हे पॉलिसीतच वाचा. कर्नाटकात बॅडगी भागातल्या एका कोल्ड स्टोरेजला 2014 मध्ये आग लागून शेतकऱ्यांची मिरची जळाली. विमा कंपनीने हात वर केले, आणि शेतकऱ्यांना भरपाई मिळावी हा निकाल सर्वोच्च न्यायालयातून यायला 2020 साल उजाडले.

थकलेल्या भाड्यासाठी माल अडवणे

याला कायद्यात धारणाधिकार म्हणतात: पैसे मिळेपर्यंत माल ताब्यात ठेवण्याचा हक्क. इथे गैरसमज फार आहेत. करार कायद्याच्या कलम 170 प्रमाणे हा हक्क त्याला मिळतो ज्याने त्या मालावर श्रम किंवा कौशल्य खर्च केले, आणि तोही त्याच मालाच्या मोबदल्यापुरता. मागच्या हंगामातल्या बाकीसाठी या हंगामाचा माल अडवण्याचा सर्वसाधारण हक्क कलम 171 ने बँका, आडत्ये, बंदरावरचे धक्केवाले, उच्च न्यायालयातले वकील आणि विमा दलाल यांनाच दिला आहे. कोल्ड स्टोरेज त्या यादीत नाही. त्यांना तो हक्क हवा असेल तर करारात स्पष्ट लिहावा लागतो, म्हणून ‘कोणत्याही खात्यावरील बाकीसाठी’ असे शब्द दिसले की थांबा. त्याऐवजी ‘या पावतीवरील मालाच्या भाडे व हमालीपुरता’ असे लिहून घ्या.

नोंदणीकृत गोदामाला 2007 चा कायदा साठवणूक आणि देखभालीच्या रास्त आकारासाठी धारणाधिकार देतो, आणि मुदतीत माल नेला नाही तर लेखी नोटीस देऊन विकण्याची वाटही देतो. नोंदणी नसलेल्याला मात्र करार कायद्याने मिळतो तो माल रोखण्याचा हक्क, विकण्याचा नाही. नाशवंत मालात विक्रीचे कलम दोघांच्याही सोयीचे असू शकते, कारण माल सडण्यापेक्षा विकलेला बरा. पण त्यात नोटिशीचे दिवस, विक्री कुठल्या बाजारात होईल आणि भाडे वजा जाता उरलेले पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे असलेच पाहिजे.

एक हिशेब

समजा, वाशीच्या एका व्यापाऱ्याने ऑक्टोबरात 600 पेट्या सफरचंद तुर्भ्यात ठेवले. दर पेटीला महिना 20 रुपये, पावतीवर भाव 1,500 रुपये पेटी, दागी 5 टक्के. तीन महिन्यांनी भाडे झाले 36,000. माल काढायला गेला तर 140 पेट्या खराब, आणि मागच्या वर्षीचे 52,000 बाकी असल्याने 88,000 भरल्याशिवाय गेटपास मिळणार नाही असे उत्तर.

आधी खराब माल बघायचा. 90 पेट्या थंड हवेच्या पंख्यासमोरच्या थप्पीतल्या आहेत आणि फळ कापल्यावर गर काचेसारखा पाणचट, थोड्या वेळाने तपकिरी होतोय. हे गोठल्याचे लक्षण आहे. सफरचंद उणे दीड अंशाच्या आसपास गोठू लागते, म्हणजे त्या कोपऱ्यात तापमान खाली गेले होते. ही जबाबदारी सरळ कोल्ड स्टोरेजची. उरलेल्या 50 पेट्या विखुरलेल्या आहेत, फळाला जुना मार आणि त्याभोवती निळसर बुरशी. हा माल येतानाच मार लागलेला. पावतीप्रमाणे 600 चे 5 टक्के म्हणजे 30 पेट्या दागी होत्याच, त्यामुळे वाद उरतो 20 पेट्यांचा. ठोस मागणी 90 पेट्यांची, 1,35,000 रुपये, वजा त्यातल्या विकल्या गेलेल्या मालाचे पैसे.

आता गेटपास. या करारात धारणाधिकार याच पावतीपुरता लिहिलेला आहे. अशा वेळी 36,000 ‘हक्क राखून’ असे लिहून बँकेतून भरायचे आणि त्याच दिवशी पत्र व ईमेल द्यायचा: या पावतीचे भाडे दिले आहे, माल सोडा, जुन्या बाकीसाठी हा माल अडवता येत नाही. भरपाईची रक्कम भाड्यातून परस्पर कापू नका. कापली की भाडे थकले असे म्हणायला त्यांना जागा मिळते आणि माल आतच राहतो. जुने 52,000 खरोखर देणे असतील तर ते वेगळे फेडा.

गेटपासवर सही करण्याआधी त्यावरच लिहा: ‘140 पेट्या खराब, तपासणी बाकी’. सर्व्हेअर बोलवा, दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर पेट्या फोडा, लॉट नंबरासकट फोटो घ्या. तीन महिन्यांची तापमान नोंद आणि जनरेटरचे रजिस्टर लेखी मागा. चांगला माल लगेच विका आणि विक्रीपट्टी जपा, कारण टाळता आले असते ते नुकसान भरपाईत धरत नाहीत.

दाद कुठे

स्वतःचा माल ठेवणारा शेतकरी ग्राहक आयोगात जाऊ शकतो. तक्रारीची मुदत दोन वर्षे. व्यापारी उद्देशाने सेवा घेणाऱ्याला तो दरवाजा सहसा बंद असतो, फक्त उपजीविकेपुरता स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे. व्यापाऱ्याला दिवाणी दावा लावावा लागतो, आणि वाद तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा व्यापारी स्वरूपाचा असेल तर तातडीचा आदेश नको असल्यास आधी मध्यस्थी सक्तीची आहे. माल अजून आत अडकलेला असेल तर ही तातडी दाव्यात पहिल्या परिच्छेदातच मांडायला वकिलांना सांगा. करारात लवादाचे कलम असेल तर दाव्याऐवजी लवादाकडे जावे लागते, आणि त्याचे ठिकाण दिल्ली किंवा अहमदाबाद लिहिलेले असू शकते. सही करताना ते बदलून ठाणे किंवा नवी मुंबई करून घ्या.