काळ्या ठिपक्यांचा माग

भाड्याच्या खोलीत ढेकूण झाल्याचं कळलं की पहिला हात जातो तो फवाऱ्याच्या डब्याकडे. दुसरा विचार गादी फेकून देण्याचा. दोन्ही चुकीचे, आणि का ते एका मित्राच्या खोलीत मी दीड महिना घालवला तेव्हा नीट कळलं. दहा बाय बाराची खोली, लाकडी पलंग, शेजारी छोटं टेबल, खिडकीला जाड पडदा. त्याने गादी तीनदा उलटीपालटी करून बघितली होती. सापडला एकच ढेकूण. अंगावर मात्र रोज नवे चट्टे.

चट्ट्यांवरून तसंही फारसं कळत नाही. काहींच्या अंगावर ते लगेच उठतात, काहींच्या काही दिवसांनी, आणि काहींच्या उठतच नाहीत. खरा पुरावा ढेकणाच्या विष्ठेचा. तो रक्तच पितो, त्यामुळे त्याची विष्ठा म्हणजे पचलेलं रक्त. कापडावर ती पेनाच्या शाईसारखी पसरते, लाकडावर काळ्या टिंबासारखी वाळते. ओल्या कापसाने घासली की तांबूस-तपकिरी डाग उतरतो. झुरळाच्या विष्ठेचे कण कोरडे असतात, ते असे फुटत नाहीत.

हे ठिपके म्हणजे नुसती घाण नव्हे. विष्ठेत आणि टाकलेल्या कातीत असे वास असतात, जे इतर ढेकणांना ‘इथे जागा सुरक्षित आहे’ असं सांगतात. म्हणून ढेकूण पोट भरल्यावर पुन्हा त्याच फटीत येऊन बसतो आणि ठिपके तिथेच दाट होत जातात. जेवायला मोजून पाच-दहा मिनिटं, बाकीचा सगळा वेळ फटीत. तीही अशी लागते की पाठ आणि पोट दोन्हीकडून काहीतरी टेकेल. जुनं प्लास्टिकचं कार्ड जिथे शिरतं तिथे ढेकूण शिरतो.

तेव्हा आम्ही ढेकूण शोधणं सोडून ठिपके शोधायला लागलो. टॉर्च, कार्ड, पेचकस आणि रुंद पारदर्शक चिकटपट्टी, एवढंच सामान. सुरुवात पलंगापासून केली, कारण प्रादुर्भाव नवा असेल तर बहुतेक ढेकूण झोपणाऱ्याच्या जवळपासच असतात. खोलीतली एकही वस्तू बाहेर नेली नाही. नेली असती तर ढेकूणही सोबत गेले असते.

गादीच्या शिवणीवर तुरळक ठिपके होते. पायांकडचा भाग स्वच्छ. उशाच्या फळीवर मात्र, भिंतीकडच्या बाजूने, स्क्रूच्या भोवती काळं वर्तुळच उमटलेलं. पेचकसने स्क्रू काढले, फळी सुटी केली, आणि जिथे लाकडाला लाकूड टेकलं होतं तिथे सगळा संसार दिसला: सफरचंदाच्या बीएवढे मोठे ढेकूण, पिवळसर अर्धपारदर्शक पिल्लं, काती, आणि जेमतेम एक मिलिमीटर लांबीची पांढरी अंडी. दुसरा अड्डा पडद्याच्या वरच्या दुमडीत निघाला. पडदा उशाला टेकत होता, हे एवढे दिवस कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आधी दिसतील ते जिवंत ढेकूण चिकटपट्टीने टिपून घेतले. अंडी अशी निघत नाहीत, मादी ती चिकटवून ठेवते. त्यासाठी उष्णता. साधारण पन्नास अंशांना अंडीसुद्धा मरतात, पण ती उष्णता फटीच्या आतपर्यंत पोचायला हवी. पडदा, चादरी, कपडे खोलीतच पिशव्यांत बांधले आणि साठ अंशांच्या पाण्यात धुतले. जे धुता येत नव्हतं ते ड्रायरमध्ये जास्तीत जास्त तापमानाला अर्धा तास फिरवलं. गादी उन्हात टाकायचा सल्ला बरेच जण देतात. वरचं कापड तापतं खरं, पण ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो, आणि गादीच्या पोटात तेवढी उष्णता पोचत नाही.

फळी, पलंगाचे सांधे आणि गादीच्या शिवणी वाफेने शेकल्या. यात घाई नडते. फूटभर कडेला किमान दहा सेकंद द्यायचे, आणि बारीक तोंडाची नळी न लावता रुंद तोंडाची लावायची. जोराच्या झोताने ढेकूण मरायच्या आत उडून पडतो. स्विचबोर्डमध्ये वाफ अजिबात नाही.

वाफेचा परिणाम वाळल्यावर संपतो. म्हणून कोरडं झाल्यावर फळीच्या मागे आणि भिंतीच्या तळाच्या फटीत घरात वापरण्यासाठीची डायटोमेशियस अर्थ ही भुकटी भरली, नाकातोंडाला मास्क बांधून. ती ढेकणाच्या कवचावरचा मेणासारखा थर शोषून घेते, आणि तो काही दिवसांत वाळून मरतो. थर डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकाच हवा. ढीग दिसला की ढेकूण वळसा घालून जातो. गादीवर ती टाकायची नाही.

फवाऱ्याबद्दल मी एवढा नाराज का? बाजारातल्या बऱ्याच फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड वर्गाचं औषध असतं आणि जगभरातल्या ढेकणांमध्ये त्याला दाद न देण्याची क्षमता आली आहे. खोलीभर धूर सोडणारे डबे तर फटीत पोचतच नाहीत. शेतीची औषधं किंवा धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या तर झोपायच्या खोलीत कधीच नकोत. त्या गोळ्यांतून निघणाऱ्या फॉस्फीन वायूने माणसं मेली आहेत.

पहिल्या फेरीनंतर पलंग भिंतीपासून वीतभर दूर ओढला, चादर जमिनीला टेकणार नाही अशी खोचली आणि चारही पायांखाली प्लास्टिकच्या खोलगट वाट्या ठेवल्या. मित्र झोपला मात्र त्याच पलंगावर. तो बाहेरच्या खोलीत निजला असता, तर भुकेले ढेकूण त्याच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आणि अंगाच्या उबेच्या मागावर तिथे पोचले असते.

आठवडा शांत गेला. अकराव्या दिवशी पुन्हा चट्टे. मित्र वैतागला, पण हे अपेक्षितच होतं. उबदार हवेत अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात, आणि आमच्या वाफेतून काही अंडी सुटली होती. शोधलं तर स्क्रूच्या भोकात, जिथे वाफ आत शिरलीच नव्हती, टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं बसलेली. पिल्लू पाचदा कात टाकल्यावर प्रौढ होतं आणि प्रत्येक वेळी त्याला रक्त लागतं. तोवर ते अंडी घालू शकत नाही, म्हणून दुसरी फेरी याच दिवसांत मारायची. भोकं पुन्हा शेकली, भुकटी भरली आणि वर चिकटपट्टी लावली. भाड्याच्या पलंगात कायमचं लांबी-पुट्टी भरणं घरमालकाला विचारल्याशिवाय बरं नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला फसवत होती. वाट्या रिकाम्या होत्या, तरी ढेकूण चावत होते. वाटीच्या गुळगुळीत भिंतीवरून ढेकूण घसरतो या समजावर अशा वाट्या बनतात. सायमेक्स लेक्टुलॅरियस या जातीला ते बऱ्यापैकी लागू आहे. उष्ण प्रदेशातल्या सायमेक्स हेमिप्टेरसच्या पायांवर पकड देणारे केस जास्त असतात, तो अशा भिंती चढून जाऊ शकतो. वाटीत ढेकूण सापडला तर तो पुरावा, नाही सापडला तर त्यावरून काहीच ठरत नाही. म्हणून दर आठवड्याला टॉर्च घेऊन सगळे सांधे बघायचे. जुने ठिपके पुसून ठेवले होते, त्यामुळे नवीन उमटला की लगेच कळे.

सहाव्या आठवड्यात फळी स्वच्छ होती, गादीही. पण भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात, शेजारच्या खोलीतून वायर येते त्या भोकाभोवती, दोन ताजे ठिपके दिसले. त्यांचा फोटो काढून मित्राने घरमालकाला पाठवला आणि दोन्ही खोल्यांत एकाच दिवशी काम करायचं ठरलं.