रेक्टिफायर व ट्रान्झिस्टर प्रवर्धकाच्या उत्तरांची पडताळणी

डायोड किंवा ट्रान्झिस्टर असलेले मंडल सोडवताना त्यांची अवस्था आधी गृहीत धरावी लागते. डायोड वहन करतो आहे, ट्रान्झिस्टर सक्रिय अवस्थेत आहे, असे मानूनच समीकरणे मांडली जातात. हाती आलेले आकडे त्या गृहीतकाला धरून आहेत का आणि काढलेले तरंगरूप त्या आकड्यांशी जुळते का, हे पाहणे म्हणजे या उत्तरांची पडताळणी होय.

रेक्टिफायरच्या बाबतीत ती थोडक्यात होते. ब्रिज रेक्टिफायरला ६ व्होल्ट आरएमएसचा प्रत्यावर्ती दाब दिला, तर त्याचे शिखर सुमारे ८.५ व्होल्ट असते आणि मार्गातील दोन सिलिकॉन डायोडचे मिळून १.४ व्होल्ट वजा होऊन निर्गम शिखर ७.१ व्होल्ट उरते. आकृतीत शिखर ६ दिसले, तर आरएमएस मूल्यालाच शिखर मानले गेले आहे. शिवाय आदान १.४ व्होल्टपेक्षा कमी असेपर्यंत कोणताच डायोड वाहत नाही, त्यामुळे दोन उंचवट्यांमध्ये निर्गम काही क्षण शून्यावर सपाट राहिला पाहिजे. तेथे नुसते टोक काढणे आदर्श डायोडलाच शोभते.

प्रवर्धकातील चूक मात्र सहज नजरेत येत नाही. १२ व्होल्ट पुरवठा, बेसला २२० किलोओहम, कलेक्टरला २.२ किलोओहम, एमिटर भूमीस जोडलेला आणि β १५० असे स्थिर बायस मंडल घेऊ. बेस प्रवाह ५१.४ मायक्रोअँपिअर येतो. सक्रिय अवस्था मानून त्याला १५० ने गुणले की कलेक्टर प्रवाह ७.७ मिलिअँपिअर होतो; पण एवढ्या प्रवाहाने कलेक्टरच्या रोधकावर जवळजवळ १७ व्होल्ट पडतील, जे पुरवठ्याहूनही अधिक आहेत. कलेक्टर-एमिटर दाब उणे येतो, तेव्हा गृहीतकच टाकावे लागते. ट्रान्झिस्टर संपृक्त मानून हा दाब ०.२ व्होल्ट घेतल्यास कलेक्टर प्रवाह ५.३६ मिलिअँपिअर येतो. त्याचे बेस प्रवाहाशी गुणोत्तर सुमारे १०४, म्हणजे १५० पेक्षा कमी आहे, आणि संपृक्ततेची खूण हीच.

बेसचा रोधक ४७० किलोओहम केला की कलेक्टर प्रवाह ३.६ मिलिअँपिअर व कलेक्टर-एमिटर दाब सुमारे ४.१ व्होल्ट होतो, आणि गृहीतक टिकते. येथून कलेक्टरचा दाब खाली ३.९ व्होल्टच उतरू शकतो, वर मात्र ७.९ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. म्हणून आदान वाढवल्यास निर्गम तरंगाचा खालचा भाग आधी छाटला जातो, आणि तोही आदानाच्या धन अर्धचक्रात, कारण समाईक एमिटर मंडल कला उलटवते. वरची बाजू आधी छाटलेली आकृती दिसली, तर एक तर कला उलटवायची राहिली आहे किंवा बायस बिंदू पाहिलेलाच नाही.

हे उत्तरही दिलेल्या β पुरतेच खरे आहे. β २२३ च्या वर गेला की हेच मंडल संपृक्त होते, आणि बीसी५४७ सारख्या ट्रान्झिस्टरच्या माहितीपत्रकात β ११० ते ८०० दिलेला असतो.