बनावट बीजक (बदललेले बँक खाते)

पुरवठादाराच्या खऱ्या बिलाची नक्कल करून, त्यातला फक्त बँक खात्याचा तपशील बदलून ग्राहकाला पाठवलेले बिल म्हणजे बनावट बीजक. यात ऑर्डर खरी असते, माल पोचलेला असतो, रक्कमही बरोबर असते. खोटा असतो तो एकटा खाते क्रमांक. त्यामुळे नेहमीच्या हिशेबतपासणीत हे बिल अडकत नाही. खरेदी ऑर्डर आणि माल मिळाल्याची पावती यांच्याशी ते चोख जुळते.

इतका अचूक तपशील चोराला मिळतो तो बहुधा पुरवठादाराच्या किंवा ग्राहकाच्या मेलबॉक्समधून. पासवर्ड हाती लागला की तो लगेच काही करत नाही, आठवडेच्या आठवडे नुसता पत्रव्यवहार वाचतो. कोण कोणाला कसे संबोधतो, बिल कधी निघते, पैसे कोण सोडतो, हे त्याला कळते. मेलबॉक्समध्ये तो एक नियमही लावून ठेवतो, म्हणजे ‘बिल’ किंवा ‘पेमेंट’ हे शब्द असलेला प्रत्येक मेल आपोआप त्याच्या पत्त्यावर जातो.

समजा, एक छापखाना वर्षानुवर्षे एकाच व्यापाऱ्याकडून कागद घेतो. महिन्याचे बिल ३ तारखेला येते. ५ तारखेला त्याच मेलच्या साखळीत उत्तर येते: ‘आमच्या खात्याचे ऑडिट चालू आहे, कृपया या वेळचे पैसे नव्या खात्यात भरा, सुधारित बिल सोबत जोडले आहे.’ लोगो तोच, खाली सहीही तीच. फरक आहे तो पत्त्यात:

```
accounts@modernpaper.example
accounts@modempaper.example
```

दुसऱ्या ओळीत r आणि n च्या जागी m आहे. मोबाइलच्या पडद्यावर तर पुष्कळदा पत्ता दिसतच नाही, फक्त पाठवणाऱ्याचे नाव दिसते. छापखान्यातली हिशेबनीस सावध आहे. ती विचारते, ‘खाते खरेच बदलले का?’ पण विचारते त्याच मेलला उत्तर देऊन. दहा मिनिटांत लेटरहेडवर सही-शिक्क्यासह होकार येतो, कारण उत्तर देणारा चोरच आहे. पैसे जातात. २५ तारखेला खरा व्यापारी थकबाकीसाठी फोन करतो, तोवर ते खाते रिकामे झालेले असते. इथे हिशेबनिसाला बेफिकीर म्हणणे अन्यायाचे आहे. तिने विचारले, फक्त वाट चुकीची निवडली.

पडताळणीचा मुख्य नियम त्यातूनच निघतो: विनंती ज्या वाटेने आली, त्या वाटेने खात्री करायची नाही. व्यवहार सुरू झाला तेव्हा नोंदवून ठेवलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन लावायचा. नव्या बिलावर छापलेला क्रमांक वापरायचा नाही आणि समोरून आलेल्या फोनवर विसंबायचे नाही. आपण खाते क्रमांक वाचून दाखवून ‘बरोबर ना?’ असेही विचारू नये, कारण घाईतला माणूस सहज हो म्हणतो. क्रमांक त्यांना सांगायला लावावा आणि आपण बिलाशी ताडून पाहावा. जुन्या खात्याचे शेवटचे आकडे विचारून ओळख पटवणे मात्र फोल आहे. जुनी बिले चोरानेही वाचलेली असतात. आधी छोटी रक्कम पाठवून पाहणेही एकट्याने काही सिद्ध करत नाही, कारण ती चोराच्या खात्यातही बिनबोभाट जमा होते. ती मिळाली का, हे जुन्याच क्रमांकावर विचारले तरच तिचा उपयोग.

अनेक ठिकाणी बँकांनी वर्षानुवर्षे पैसे केवळ खाते क्रमांकावर पाठवले, बिलावरचे नाव कोणी ताडून पाहत नसे. ब्रिटनमध्ये २०२० पासून मोठ्या बँका नाव जुळवून दाखवू लागल्या, युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२५ पासून ते बंधनकारक झाले. याचा मोठा आधार आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. लिथुआनियाच्या एव्हाल्डस रिमासाउस्कसने लॅटव्हियात क्वान्टा कॉम्प्युटर या तैवानी पुरवठादाराच्याच नावाची कंपनी नोंदवली आणि २०१३ ते २०१५ या काळात गूगल व फेसबुककडून १२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. अशा वेळी नाव तंतोतंत जुळते. त्याला डिसेंबर २०१९ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली.

छोट्या व्यवसायात खात्याचा तपशील बदलणारा आणि पैसे सोडणारा माणूस बहुधा एकच असतो. ही दोन कामे दोघांकडे द्यावीत. मालक एकटाच असेल तर बदल नोंदवणे आणि पैसे भरणे यांत निदान एक दिवस जाऊ द्यावा.

पैसे गेलेच असतील तर सर्वांत आधी आपल्या बँकेला फोन करून रक्कम परत मागवायला आणि समोरच्या बँकेला खाते गोठवण्याचा निरोप द्यायला सांगावे, तक्रार त्यापाठोपाठ. मग दोन्ही बाजूंनी पासवर्ड बदलावेत आणि मेल परस्पर पुढे पाठवणारे नियम शोधून काढून टाकावेत. पासवर्ड बदलल्याने ते नियम आपोआप जात नाहीत, आणि ते राहिले तर पुढच्या महिन्याचे बिलही चोराकडे पोचते.