दोन काँगो आणि माझ्या तक्त्यातले 292

भाचीच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी आफ्रिकेतल्या देशांची फॅक्टशीट बनवायला घेतली होती, प्रत्येक देशाला अर्धं पान. राजधानी, क्षेत्रफळ, लोकसंख्या, घनता वगैरे. आकडे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून डाउनलोड केले, एक्सेलमध्ये देशाच्या नावावरून जोडले आणि काँगोसमोर उत्तर आलं : दर चौरस किलोमीटरला 292 माणसं.

मला काही खटकलं नाही. महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेत हाच आकडा 365 होता, म्हणजे 292 तसा ओळखीचाच वाटला आणि मी पुढे गेलो. दोन दिवसांनी नकाशा बघताना लक्षात आलं की अरे, तिथे बराचसा भाग घनदाट जंगलाचा आहे, मग एवढी माणसं राहतात कुठे?

झालं असं होतं की काँगो नावाचे देश दोन आहेत. एकाची राजधानी किन्शासा, दुसऱ्याची ब्राझाव्हिल, आणि या दोन राजधान्या काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर, इथून बघितलं तर तिथली घरं दिसतात. किन्शासावाला प्रचंड मोठा, साधारण 23.4 लाख चौरस किलोमीटर आणि 10 कोटींच्या वर लोक. ब्राझाव्हिलवाला 3.42 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून थोडासाच मोठा, पण लोक जेमतेम 60 लाखांच्या आसपास. माझ्या शीटमध्ये लोकसंख्या पहिल्याची आली आणि क्षेत्रफळ दुसऱ्याचं. 10 कोटी भागिले 3.42 लाख, झाले 292. खरी उत्तरं मोठ्याची साधारण 43 आणि छोट्याची 17-18.

चूक माझीच, पण ती का झाली ते बघण्यासारखं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत नुसतं Congo लिहिलं असेल तर तो छोटा, ब्राझाव्हिलवाला. वर्ल्ड बँकेच्या फाइलमध्ये तोच देश Congo, Rep. असतो आणि मोठा Congo, Dem. Rep. आणि आपण बातम्यांमध्ये नुसतं काँगो वाचतो तेव्हा तो जवळपास नेहमीच मोठा असतो. एकच शब्द, पण यादीवाल्यांचा एक देश आणि वाचणाऱ्याच्या डोक्यातला दुसराच.

आता मुद्द्यावर येतो. बहुतेक देशांना दोन नावं असतात, एक छोटं रोजच्या वापरातलं आणि एक लांबलचक अधिकृत, जे करारांवर आणि राष्ट्रप्रमुखांच्या पत्रांवर असतं. मेक्सिको म्हणजे अधिकृतपणे संयुक्त मेक्सिकन संस्थानं, श्रीलंका म्हणजे श्रीलंकेचं लोकशाही समाजवादी प्रजासत्ताक. काही देशांना वेगळं लांब नाव नसतंच, कॅनडा आणि जपान त्यातलेच. सीआयएच्या वर्ल्ड फॅक्टबुकमध्ये यासाठी चार ओळी असायच्या : प्रचलित लांब नाव, प्रचलित छोटं नाव आणि हीच दोन नावं त्या देशाच्या स्वतःच्या भाषेत. कॅनडाच्या लांब नावासमोर चक्क 'नाही' असं लिहिलेलं असायचं आणि मला ती पद्धत आवडते, कारण रिकामा रकाना बघून वाचणाऱ्याला कळत नाही की नाव नाहीच आहे की लिहिणाऱ्याला सापडलं नाही.

मग फॅक्टशीटमध्ये कुठलं घ्यायचं? माझं उत्तर : हेडिंगला, तक्त्यात आणि नकाशावर छोटं नाव, आणि लांब नाव 'अधिकृत नाव' अशा एकाच ओळीत, एकदाच. एक तर लांब नावांनी तक्ता शोधण्यालायक राहत नाही, मेक्सिको 'संयुक्त' खाली जातो आणि तो बघायला आलेलं पोर 'म' पाशी शोधत बसतं. दुसरं म्हणजे लांब नाव सत्तेबरोबर बदलतं. लिबियाच्या नावात गद्दाफीच्या काळात जमाहिरिया, समाजवादी, महान असं काय काय होतं, 2011 मध्ये तो गेला आणि ते सगळं शेपूटही गेलं, पण लिबिया लिबियाच राहिला. आणि हो, लांब नावातल्या विशेषणांवरून राज्यपद्धती ठरवू नका, तिच्यासाठी वेगळी ओळ ठेवा, उत्तर कोरियाच्या अधिकृत नावातही 'लोकशाही' आहेच.

छोटी नावंही बदलतात, नाही असं नाही. 2018 मध्ये स्वाझीलंडचं एस्वातिनी झालं, 2019 मध्ये मॅसेडोनियाचं उत्तर मॅसेडोनिया. म्हणून शीटच्या खाली तारीख टाकावी.

जिथे छोट्या नावाने दोन देश समोर येतात तिथे मात्र हा नियम मोडायचा. पहिला विचार असा येतो की मग लांब नाव लिहू, ते नेमकं असणार. पण काँगोच्या बाबतीत तेही फसतं. 1960 च्या जूनमध्ये बेल्जियमची वसाहत स्वतंत्र झाली आणि ऑगस्टमध्ये शेजारची फ्रेंच वसाहत, आणि दोघांनी नाव घेतलं काँगोचं प्रजासत्ताक. अक्षरशः तेच नाव! म्हणून लोक राजधानी जोडून काँगो-लिओपोल्डव्हिल आणि काँगो-ब्राझाव्हिल म्हणायला लागले (लिओपोल्डव्हिल म्हणजे आजचं किन्शासा). मोठ्याने पुढे 1964 मध्ये 'लोकशाही' जोडलं, 1971 मध्ये झाईर हे नाव घेतलं आणि 1997 मध्ये परत काँगो झाला.

याचा आपल्याशी थेट संबंध येतो बरं का. कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं ते मोठ्या काँगोमधल्या कटांगा प्रांतात 5 डिसेंबर 1961 ला झालेल्या एलिझाबेथव्हिलच्या लढाईसाठी, ते संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होते. त्या दिवशी त्या देशाचं अधिकृत नाव होतं काँगोचं प्रजासत्ताक. आजच्या यादीत हेच लांब नाव शोधलंत तर सापडेल ब्राझाव्हिल, म्हणजे भलताच देश. नाव अगदी बरोबर, अधिकृत, आणि तरीही चूक. अशा ठिकाणी मी आजचं छोटं नाव राजधानीसकट लिहितो आणि पुढे 'तेव्हाचं नाव अमुक' एवढं जोडतो.

आकडे जोडताना मात्र नावाच्या भरवशावर राहूच नका, प्रत्येक देशाला ठरवून दिलेला कोड वापरा. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या यादीत छोटा काँगो CG आणि मोठा CD. पण अक्षरी कोडही नावासोबत बदलू शकतो, झाईर असताना मोठ्याचा कोड ZR होता. त्यापेक्षा आकडी कोड टिकाऊ, मोठ्याचा 180 झाईर असतानाही 180 च होता, कारण हा आकडा नाव बदललं म्हणून बदलत नाही, देशाचा भूभाग बदलला तर बदलतो. दक्षिण सुदान 2011 मध्ये वेगळा झाला तेव्हा सुदानचा आकडा 736 चा 729 झाला, नाव तेच राहूनसुद्धा. एक्सेलमध्ये हा कॉलम टेक्स्ट ठेवा, नाहीतर ऑस्ट्रेलियाच्या 036 चं 36 होतं आणि मग जोडणी गुपचूप फसते.

माझ्या शीटवर आता 'काँगो-किन्शासा' आणि 'काँगो-ब्राझाव्हिल' अशी दोन वेगळी अर्धी पानं आहेत. भाचीने बघितल्या बघितल्या विचारलं, मामा, मग काँगो नदी कोणाची?