चार वर्षांचा पगार पाच वर्षांत : कॅनडातल्या ‘फोर ओव्हर फाइव्ह’ रजेची पार्श्वभूमी

दर सातव्या वर्षी प्राध्यापकाला अर्ध्या पगारावर अभ्यासरजा द्यायची, ही पद्धत हार्वर्ड विद्यापीठाने १८८० मध्ये सुरू केली. तेव्हाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांना जॉन्स हॉपकिन्समधून चार्ल्स लॅनमन या संस्कृतच्या अभ्यासकाला आपल्याकडे ओढायचे होते, आणि त्यांना दाखवलेल्या आमिषांत ही रजाही होती. त्या अर्ध्या पगाराचा भार विद्यापीठाच्या तिजोरीवर होता. आपल्याकडच्या सरकारी नोकरीतल्या अर्धवेतनी रजेचेही तसेच आहे, अर्धा पगार सरकार देते.

शाळामास्तरांना असा दाता क्वचितच मिळतो. कॅनडातल्या शाळांमध्ये रुजलेल्या ‘फोर ओव्हर फाइव्ह’ योजनेचे मूळ इथे आहे. शिक्षकाने चार वर्षे पूर्ण काम करायचे, पगार मात्र ८० टक्केच घ्यायचा. उरलेले २० टक्के बाजूला साठत जातात आणि पाचव्या वर्षी, रजेवर असताना, तेच त्याला पगार म्हणून मिळतात. शाळा मंडळाचा फारसा खर्च होत नाही, कारण रजेवरच्या माणसाचे पैसे त्याचेच आहेत, आणि त्याच्या जागी आलेल्या बदली शिक्षकाला त्या वर्षीचा मोकळा राहिलेला पगार देता येतो. खरे तर हा अर्धपगारी सवलतीचा नव्हे, सक्तीच्या बचतीचा प्रकार आहे.

मग माणूस बँकेतच का साठवत नाही? कारण कर. बँकेत साठवलेला पैसा कर भरून उरलेला असतो. या योजनेत मात्र बाजूला ठेवलेल्या रकमेवर कर लागतो तो ती हातात येते त्या वर्षी. म्हणजे पाचही वर्षांचे उत्पन्न साधारण सारखे, आणि चढत्या दराच्या करपद्धतीत त्याचा फायदा होतो.

हीच गोष्ट कॅनडाच्या अर्थखात्याला खटकणारी होती. मोठ्या पगाराचे अधिकारी ‘या वर्षीचा बोनस पुढे द्या’ म्हणत कर लांबवू लागले, तर सगळ्याच पगारांना ती वाट मोकळी होते. २६ फेब्रुवारी १९८६ च्या अर्थसंकल्पाने ती वाट बंद केली : पगार पुढे ढकललात तरी कमावलेल्या वर्षीच कर. पण शिक्षकांच्या योजना त्यात चिरडल्या जाऊ नयेत म्हणून आयकर नियमावलीत ६८०१ क्रमांकाचा अपवाद ठेवला. आजच्या या रजेचा आकार शिक्षणखात्याच्या धोरणातून कमी आणि या एका करनियमातून जास्त आला आहे.

नियम असा : एका वर्षी पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त रक्कम लांबवायची नाही, आणि साठवण सुरू केल्यापासून सहा वर्षांच्या आत रजा सुरू झालीच पाहिजे. वर्षभराच्या रजेसाठी या दोन मर्यादांतून सगळे पर्याय आपोआप निघतात. सर्वांत आखूड ‘टू ओव्हर थ्री’, म्हणजे दोन वर्षे दोन तृतीयांश पगारावर काम आणि तिसऱ्या वर्षी रजा. सर्वांत लांब ‘सिक्स ओव्हर सेव्हन’. रजा किमान सलग सहा महिन्यांची हवी. मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ शिकायला जात असाल तर तीन महिनेही चालतात. रजेच्या काळात त्याच मालकाकडून दुसरा पगार घेता येत नाही. साठलेल्या रकमेवरचे व्याज मात्र दरवर्षी वाटायचे आणि त्यावर त्याच वर्षी कर भरायचा.

आकडे मांडले की एक बाब दिसते, जी सही करताना सहसा लक्षात येत नाही. समजा शिक्षिकेचा पगार चार वर्षांत ६०, ६२, ६४ आणि ६६ हजार डॉलर असा वाढत गेला. तिचे २० टक्के अनुक्रमे १२,०००, १२,४००, १२,८०० आणि १३,२०० होतात, बेरीज ५०,४००. चौथ्या वर्षी ती ५२,८०० घेत होती, म्हणजे रजेच्या वर्षी घरात येणारा पगार सुमारे साडेचार टक्क्यांनी घटतो. त्यात महागाई तीव्र असेल तर पहिल्या वर्षी बाजूला ठेवलेल्या १२,००० ची किंमत तोवर उतरलेली असते.

सगळ्यात जास्त घोळ शेवटच्या अटीवरून होतो. रजा संपल्यावर निदान रजेइतका काळ कामावर परतलेच पाहिजे. निवृत्तीच्या तोंडावर पाचवे वर्ष घेऊन तिथूनच निरोप घ्यायचा बेत या नियमात बसत नाही. मध्येच नोकरी सोडली तर साठलेली रक्कम एकगठ्ठा परत मिळते आणि त्या वर्षी ती सगळी करपात्र होते. ज्या फायद्यासाठी ती साठवली तोच मग जातो.

भारतात ही योजना जशीच्या तशी आणायची म्हटली तर अडचण याच जागी येईल. इथल्या आयकर कायद्याप्रमाणे पगार देय झाला की तो करपात्र, मग तो हातात येवो वा न येवो. ६८०१ सारखा अपवाद नसेल, तर २० टक्के मागे ठेवणाऱ्या शिक्षकाला न मिळालेल्या पैशावरही त्याच वर्षी कर भरावा लागेल.